नव्या मशीनचा परतावा कशाशी ताडायचा: कर्जाच्या प्रमाणाशी की धंद्याच्या प्रमाणाशी?

भारित सरासरी भांडवली खर्चाचं, म्हणजे कर्ज आणि मालकाचा पैसा यांचे दर वाट्यानुसार मिसळून काढलेल्या सरासरीचं, सूत्र सगळ्यांना पाठ असतं. लहान धंद्यात वाद होतो तो वजनांवरून. नव्या मशीनसाठी बँक 75 टक्के देते आहे, तर 75:25 धरायचं? की अख्ख्या धंद्यात कर्ज आणि मालकाचा पैसा ज्या प्रमाणात आहे, ते धरायचं? आमच्या जॉबवर्कच्या शेडसाठी मी दोन्ही मांडून पाहिलं आणि शेवटी एकावर स्थिरावलो. आकडे इथे सोपे करून देतो.

मशीन म्हणजे व्हीएमसी, धातू कापणारं संगणकचालित यंत्र; बसवून 40 लाख. कर भरून, पण व्याज वजा न करता, वर्षाला साडेदहा लाख हातात राहतील आणि पाच वर्षांनी मशीन विकून 5 लाख येतील. कर्ज 11 टक्क्यांनी, कर 25 टक्के, म्हणजे कर्ज आपल्याला सव्वाआठला पडतं. मालकाच्या पैशावर 20 टक्के अपेक्षा धरली आहे. ती अठरा असावी की बावीस, यावर मी कुणाशी भांडणार नाही.

कर्जाच्या प्रमाणाने, 75:25 धरून, सरासरी साधारण 11.2 टक्के येते. त्या दराने पुढच्या रकमा आजच्या किमतीत आणल्या की खर्च वजा जाता दीड लाख उरतात. मशीन पास. धंद्याच्या प्रमाणाने, आमच्याकडे 40 टक्के कर्ज आणि 60 टक्के मालकाचं, दर 15.3 टक्के होतो आणि तेच मशीन दोन लाख साठ हजारांनी तुटीत जातं.

पहिल्या पद्धतीचे गुण आहेत. सगळे आकडे मंजुरीपत्रात मिळतात, अंदाजबाजी कमी. विस्तार वेगळ्या कंपनीत असेल आणि कर्ज फक्त त्याच मालमत्तेवर उभं असेल, तर तीच पद्धत रास्त वाटते.

मला खटकलं ते वेगळंच. समजा बँकेने मार्जिन, म्हणजे मालकाने घालायचा वाटा, 25 वरून 40 टक्के केलं. सरासरी लगेच 12.95 वर जाते. आमच्या मशीनचा स्वतःचा परतावा साडेबारा ते पावणेतेराच्या मध्ये, म्हणजे आता ते नापास. स्पिंडल तोच, ऑर्डरी त्याच, गिऱ्हाईक तेच. बदललं ते फक्त शाखेतल्या अधिकाऱ्याचं मत! मशीन घ्यायच्या लायकीचं आहे का, याचं उत्तर बँकेच्या मार्जिनवर हलत असेल, तर तो हिशेब मशीनचा राहत नाही.

शिवाय ते 75 टक्के कर्ज एकट्या मशीनच्या जिवावर मिळत नाही. आमच्याकडे जुनी शेड तारण गेली आणि वर भागीदारांची वैयक्तिक हमी. म्हणजे जुन्या धंद्याची कर्ज घेण्याची ताकद या मशीनने वापरली आणि स्वस्ताईचं श्रेयही त्यालाच. पुढच्या वर्षी दुसरं मशीन घ्यायचं झालं तर तारणाला काही उरलेलं नसेल. ते मालकाच्या पैशातून येईल आणि कदाचित याच्यापेक्षा चांगलं असूनही 20 टक्क्यांच्या दारात अडेल.

आणखी एक गोष्ट: कर्ज वाढलं की मालकाची जोखीम वाढते, मग त्याची अपेक्षा 20 वरच कशी राहील? मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांच्या सूत्राने, कर धरून, 75:25 ला ती तिशीच्या आसपास जाते. ती घातली की पहिल्या पद्धतीचीही सरासरी 13.8 टक्के होते आणि मशीन तिथेही अडकतं.

दुसऱ्या पद्धतीचं दुखणं म्हणजे मालकाच्या हिश्श्याची किंमत. ताळेबंदात शेड जुन्या खरेदीभावाने पडलेली असते, त्यामुळे पुस्तकी प्रमाण घेतलं तर कर्ज उगाच मोठं दिसतं. आजच्या भावाचा अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकू शकतो. पण आमच्या बाबतीत 60 ऐवजी 50 टक्के धरलं तरी दर 14.1 येतो, निकाल तोच. अंदाज ढिला असूनही उत्तर टिकतं, म्हणून माझा कल इकडे. तुमचं प्रमाण फार वेगळं असेल तर मात्र स्वतः मांडून पाहा.

कोणतीही पद्धत घ्या, बँकेसाठी केलेल्या प्रकल्प अहवालातला नफा जसाच्या तसा उचलू नका. त्यातून व्याज आधीच वजा असतं आणि कर्जाचा खर्च दरातही धरलेला असतो. तो दोनदा मोजला गेला की चांगलं मशीनही नापास दिसतं.

आमच्या आकड्यांत 15.3 टक्क्यांना मशीन बसायचं तर बसवणुकीसह किंमत 37 लाख 40 हजारांच्या आत हवी, नाहीतर वर्षाची शिल्लक 11 लाख 30 हजारांच्या घरात. डीलरशी आणि गिऱ्हाइकाशी बोलणी याच दोन आकड्यांवर चालू आहेत.