तीन ब्रास म्हणून आलेली दोन ब्रास खडी

खडीचा व्यवहार ब्रासवर होतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. पण 100 घनफूट सुटी खडी की रोलर फिरल्यावर दाबलेली, आणि ट्रकमध्ये ती मोजली कुणी, हे दोन प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गोराईला माझ्या मामांना जो फटका बसला तो याच दोन जागी. तिकडे वाड्या असलेल्या, किंवा सोसायटीच्या आवारात खडी टाकून घेणाऱ्या लोकांसाठी सगळं सविस्तर लिहितो आहे.

मामांच्या वाडीत फाटकापासून घरापर्यंतचा रस्ता 200 फूट लांब आणि 10 फूट रुंद आहे. पावसाळ्यात तिथे गाडी रुतते, म्हणून मिक्स खडी टाकायची ठरली. मिक्स म्हणजे मोठी खडी, बारीक खडी आणि कच एकत्र, कारण नुसती एकाच मापाची खडी टाकली तर ती चाकाखाली सरकत राहते. बोलणं झालं ते असं: रोलर फिरवून 6 इंच जाडी मिळेल, पैसे ब्रासप्रमाणे, रोलरचं भाडं वेगळं.

हिशेब सोपा आहे. 200 गुणिले 10 गुणिले अर्धा फूट म्हणजे 1000 घनफूट, म्हणजे दाबलेली 10 ब्रास. मिक्स खडी दाबली की दगडांमधल्या पोकळ्यांत कच जाऊन बसतो आणि थर खाली जातो. 6 इंच दाबलेल्या थरासाठी सुटी खडी साधारण 1.3 पट धरावी लागते, म्हणजे इथे 13 ब्रास. एकाच मापाच्या खडीला हा आकडा कमी असतो, कारण पोकळ्या भरायला बारीक माल नसतो. खडी पुरवणारा म्हणाला, “काका, 15 ब्रास धरा. तीन-तीन ब्रासच्या पाच गाड्या पाठवतो, कमी पडायला नको.” हिशेबापेक्षा 2 ब्रास जास्तच, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

गाड्या भाईंदर-उत्तनच्या बाजूने आल्या, सगळ्या सहा चाकी. पहिल्या गाडीशी त्याच्या माणसाने मामांसमोर टेप धरली: लांबी 14 फूट, रुंदी साडेसात, उंची 3. गुणाकार 315 घनफूट. “तीन ब्रासच्या वर 15 फूट तुमच्याकडून घेतच नाही,” हे वर. टेप मात्र हौद्याच्या बाहेरून धरली होती. उंची तर खालच्या चौकटीपासून मोजलेली, म्हणजे तळाच्या पत्र्याची आणि आडव्या पट्ट्यांची जाडीही खडी म्हणून मोजली गेली. माल मध्यभागी शीग लावून भरलेला आणि चारही कोपरे खाली गेलेले. बाजूला उभं राहून पाहणाऱ्याला शीगच दिसते.

माल पसरल्यावर त्याने खुंटी लावून दाखवली. बरोबर 6 इंच. मग रोलर फिरला, बिल झालं 15 ब्रासचं. मामांनी बरेचसे पैसे दिले, शेवटचा हप्ता राहिला होता.

पहिल्या मोठ्या पावसानंतर चाकोऱ्या पडायला लागल्या तेव्हा मी आणि मामेभावाने रस्ता चार-पाच ठिकाणी खणून पाहिला. कडेला नाही, चाकाच्या पट्ट्यात आणि मधोमध. कडा नेहमीच पातळ असते, तिथलं माप धरलं तर समोरचा लगेच त्यावर बोट ठेवतो. सगळीकडे थर साडेचार इंचांच्या आसपास निघाला.

इथून उलटा हिशेब करता येतो, आणि प्रत्येकाने तो करावा. 2000 चौरस फुटांवर साडेचार इंच म्हणजे 750 घनफूट, दाबलेली साडेसात ब्रास. त्याला 1.3 ने गुणलं की सुटी पावणेदहा. म्हणजे आले जेमतेम 10 ब्रास आणि बिल 15 चं. खुंटीचं कोडंही उलगडलं: 2000 चौरस फुटांवर 10 ब्रास सुटी खडी पसरली की बरोबर 6 इंच होते. दाबून द्यायचे 6 इंच त्याने सुटे दाखवले होते. खरंच 15 ब्रास पडली असती तर रोलरच्या आधी थर 9 इंच दिसायला हवा होता.

तो आला आणि म्हणाला, “काका, इकडची जमीन मऊ आहे, खडी खाली जाते.” हे बोलणं निव्वळ थाप नाही. खाडीकाठच्या मऊ मातीत खडी खरंच रुतते, म्हणून तर खाली मुरमाचा थर देतात. पण रुतलेली खडी खणल्यावर दिसते: थराच्या खाली चिखलात मिसळलेले दगड सापडतात. आमच्या खड्ड्यांत खडी जिथे संपत होती तिथे सरळ रेघ होती, खाली स्वच्छ माती. मामांनी त्याला प्रत्येक खड्ड्याशी नेऊन उभं केलं.

दुसरा पुरावा भावाच्या फोनमध्ये होता. एका चालकाकडच्या वाहतूक पासचा त्याने फोटो काढून ठेवला होता. त्यावर गाडी नंबर आणि परिमाण लिहिलेलं असतं. तिथे 2 ब्रास होतं. “रॉयल्टीसाठी कमी दाखवतात हो,” असं उत्तर आलं. त्यावर वजनाचा हिशेब मांडला. सुट्या खडीचा ब्रास साधारण साडेचार टनांचा, म्हणजे 3 ब्रास साडेतेरा टन. सहा चाकी गाडीची मालासकट कायदेशीर मर्यादा साडेअठरा टनांच्या घरात, त्यात रिकामी गाडीच सहा-सात टनांची. म्हणजे 3 ब्रास भरून ती नियमात रस्त्यावर येऊच शकत नाही. एकतर गाडी ओव्हरलोड होती, नाहीतर खडी कमी होती. दोन्हींपैकी काय ते त्याने सांगावं, असं मामा म्हणाले. बऱ्याच आदळआपटीनंतर 11 ब्रासवर मिटलं. एक ब्रास तरीही गेलाच, त्याचा मला अजून राग आहे.

रस्ता दीड इंच कमी होता तो कमीच राहिला. त्यासाठी दाबलेली अडीच, म्हणजे सुटी सव्वातीन ब्रास हवी होती, ती दुसऱ्याकडून घेतली. रोलरवाल्याने आधीचा पृष्ठभाग खरवडून घ्यायला लावला, नाहीतर इतका पातळ थर वरच्यावर सुटून येतो.

या वेळी गाडी रिकामी असतानाच हौदा आतून मोजला: साडेतेरा, सात आणि अडीच फूट, म्हणजे काठोकाठ सपाट भरल्यावर 236 घनफूट. भरून आल्यावर फाळका उघडण्याआधी भाऊ वर चढला, फावड्याने शीग कोपऱ्यांत ओढून माल सपाट केला आणि काठापासून किती खाली आहे ते चार ठिकाणी मोजलं. काट्याची पावतीही मागितली, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची, आणि काटा आम्ही ठरवलेला. नुसत्या वजनावर मात्र जाऊ नका. कच ओला करून आणला की पाणीही खडीच्या भावाने विकलं जातं, म्हणून वजन आणि घनफूट दोन्ही जुळायला हवेत. बिलावर ब्रासच्या पुढे “हौद्यातलं सुटं माप” आणि रस्त्याच्या जाडीपुढे “रोलरनंतर” असं लिहून घेतलं. नव्या पुरवठादाराने एकदाही कुरकुर केली नाही.