नाम् की नाङ्गळ्: तमिळ जाहिरातीतले ‘आपण’ आणि ‘आम्ही’

पुण्याच्या मसाल्यांची जाहिरात कोइंबतूरसाठी तमिळमध्ये लिहिताना एका मैत्रिणीला प्रश्न पडला, की ‘नाम्’ लिहावे की ‘नाङ्गळ्’. मराठी माणसाला हा भेद परका नाही, कारण ऐकणाऱ्याला सामावून घेणारा ‘नाम्’ म्हणजे आपला ‘आपण’ आणि त्याला वगळणारा ‘नाङ्गळ्’ म्हणजे ‘आम्ही’. मात्र आदरार्थी ‘तुम्ही’ हा ‘आपण’चा दुसरा अर्थ ‘नाम्’ला नाही.

जवळीक हा निकष लावला तर ‘नाम्’ सरस ठरतो. त्याचे बोलीतले षष्ठीरूप ‘नम्म’ शहराच्या नावाआधी, जसे ‘नम्म चेन्नै’, सहज लागते, तर ‘नाङ्गळ्’चे षष्ठीरूप ‘एङ्गळ्’ वापरून ‘एङ्गळ् चेन्नै’ म्हटले की वाचणारा बाहेरचा ठरतो.

जबाबदारीचा निकष लावला की चित्र उलटते. ‘नाङ्गळ् तवऱु सेय्दोम्’ म्हणजे ‘आम्ही चूक केली’. तिथे ‘नाम्’ घातल्यास चुकीत ग्राहकही भागीदार होतो. पैसे परत देण्याच्या हमीतही तेच घडते, कारण देणारा एक आणि घेणारा दुसरा असतो.

सर्वनाम गाळून सुटका होईलच असे नाही. दोन्हींचे क्रियापद ‘-ओम्’ असेच संपते आणि एकटे ‘सेय्वोम्’ हे ‘करूया’ असेही वाचले जाते, म्हणून हमी देताना सर्वनाम लिहावेच.

माझ्या मते सण, गाव, सामायिक चव यांच्या मजकुराला ‘नाम्’ आणि ‘नम्म’ शोभतात; हमी, माफी, किंमत आणि कारखान्याची माहिती यांसाठी ‘नाङ्गळ्’ व ‘एङ्गळ्’च हवेत.