गावच्या ग्रुपवर बसची लिंक टाकली आणि आमचीच तिकिटं गेली

गणपतीला गावी जायचं म्हणून मी भांडुप ते सावंतवाडी अशी खाजगी बसची चार तिकिटं ऑनलाईन काढून ठेवली होती, एकेक १४०० ची, म्हणजे ५६०० रुपये. दोन दिवसांनी रात्री बघितलं तर त्याच गाडीत अजून सीट दिसत होत्या, म्हटलं गाववाल्यांना सांगूया, म्हणून वरची लिंक कॉपी केली आणि ग्रुपवर टाकली की ज्यांना पाहिजे त्यांनी लगेच घ्या. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं, सगळी ओळखीची थोडीच असतात.

अर्ध्या तासाने मेसेज आला, तुमची ४ तिकिटं कॅन्सल झाली, १० टक्के कापून ५०४० रुपये वॉलेटला जमा. मी तर काहीच केलं नव्हतं! साईट उघडते तोवर त्याच वॉलेटमधून दुसऱ्याच नावांनी ३ सीट बुक झालेल्या, वॉलेटमध्ये राहिले ८४०. ओटीपी नाही, कोणाचा फोन नाही, मी पासवर्ड कोणाला दिला नाही. तरी मी घाबरून लगेच पासवर्ड बदलला आणि वाटलं आता सुटले. दहा मिनिटांनी ते ८४० पण गेले, कोणाच्या तरी तिकिटात वळते झाले.

माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, तू पाठवलेली लिंक आधी मला पाठव बघू, आणि मग स्वतःच म्हणाला, नको नको, तू आधी लॉगआऊट कर, मग पाठव. लिंक अशी होती (साईटचं नाव मी बदललंय):

```
https://example.com/seats;jsessionid=8F2C41D09B7E6A53C1E4F70B2D95A816?bus=417
```

ते `jsessionid=` नंतरचं ३२ अक्षरांचं लांबलचक काय आहे ना, तेच माझं लॉगिन होतं. देवळाबाहेर चपला ठेवतो तेव्हा बिल्ला मिळतो बघा, परत येताना तो माणूस तुमचं तोंड बघत नाही, बिल्ला बघतो, कोणीही आणला तरी तुमच्या चपला देतो. साईटचं तसंच. पासवर्ड आणि ओटीपी फक्त एकदाच, लॉगिन करताना, त्यानंतर प्रत्येक क्लिकला सर्व्हर फक्त हा नंबर बघतो. म्हणून पासवर्ड बदलून काही झालं नाही, त्याच्याकडचा बिल्ला अजून चालत होता. खरं तर पासवर्ड बदलल्यावर आधीचे सगळे बिल्ले साईटने रद्द करायला पाहिजेत, ह्या साईटने ते केलंच नाही.

साधारणपणे हा नंबर कुकीत, म्हणजे साईटने तुमच्याच ब्राउझरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठीत असतो, लिंकच्या पत्त्यात दिसत नाही, म्हणून बहुतेक साईटची लिंक पाठवली तरी समोरच्याला त्याचं स्वतःचं लॉगिन लागतं. मी फोनमध्ये कुकीज बंद केल्या होत्या, जाहिराती मागे लागतात म्हणून. अशा वेळी काही जुन्या पद्धतीच्या साईट नंबर थेट पत्त्यात घालतात, जावावाल्या `jsessionid`, पीएचपीवाल्या `PHPSESSID` ह्या नावाने. भाचा म्हणाला अशा साईट बऱ्याचदा ३० मिनिटं काही हालचाल नसली की बाहेर काढतात, पण प्रत्येक क्लिकला ती ३० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणजे तो चोर क्लिक करत राहिला तोवर दार उघडंच. मी नुसती टॅब बंद केली असती तरी उपयोग नव्हता, लॉगआऊटचं बटण दाबलं तेव्हा नंबर मेला. नंतर भाच्याने तीच लिंक उघडली तर सरळ लॉगिनचं पान आलं.

कोणाला शंका असेल तर असं बघा, लॉगिन असताना लिंक कॉपी करा आणि प्रायव्हेट विंडोत किंवा घरातल्याच दुसऱ्या फोनवर उघडा, तिथे काही न विचारता तुमचं नाव दिसलं तर ती लिंक कोणालाच पाठवायची नाही. चुकून गेली असेल तर आधी लॉगआऊट, मेसेज डिलीट नंतर, कारण डिलीट करेपर्यंत कोणीतरी ती उघडलेली असते. लिंकमध्ये `utm_source` किंवा `fbclid` दिसलं तर घाबरू नका, ते लॉगिन नाही, तुम्ही कुठून आलात एवढंच त्यात असतं.

बसवाल्यांनी पहिल्यांदा सरळ सांगितलं की तुमच्याच लॉगिनवरून झालंय, आम्ही काय करणार. मी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आणि भाच्याने त्यांना लिहायला लावलं की त्या रात्रीचा लॉग काढा, लॉगिनच्या त्या एकाच नंबरवर दोन वेगवेगळे आयपी पत्ते, म्हणजे दोन वेगळी इंटरनेट कनेक्शन दिसतील. त्यावर अजून उत्तर नाही. ज्यांच्या नावाने ३ सीट झाल्या ती माणसं पण कोणाकडून तरी विकतच घेऊन बसली असणार, त्यांच्यावर माझा राग नाही. आम्ही चौघं शेवटी परळहून एसटीने गेलो, दोघांना सीट मिळाली, मी आणि हे पनवेलपर्यंत उभे.