आठ महिने हीट फ्लक्स मीटर वापरल्यावर: कोल्हापुरातल्या स्लॅबची खरी यू-व्हॅल्यू

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी हीट फ्लक्स मीटरचा संच घेतला. ८० मिलिमीटर व्यासाच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या, तापमान मोजणाऱ्या चार थर्मोकपल तारा आणि नोंदी ठेवणारा एक लॉगर. खर्च एका बऱ्या स्कूटरएवढा झाला, आणि घरच्यांच्या मते स्कूटरच घ्यायला हवी होती. माझं काम घरांचं इन्सुलेशन तपासायचं. तोवर यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून किंवा छतातून उष्णता किती सहज जाते याचा आकडा, कागदावर काढायचो: प्रत्येक थराची जाडी घ्यायची, तिला त्याच्या वाहकतेनं भागायचं, बेरीज करायची आणि एकाला त्या बेरजेनं भागायचं. पण स्लॅबवर खरंच काय घातलंय, हे कागद सांगत नाही.

चकतीचं काम सोपं आहे. ती भिंतीला चिकटवली की तिच्यातून जाणाऱ्या उष्णतेच्या प्रमाणात बारीकसा व्होल्टेज देते. माझ्या चकतीचा आकडा चौरस मीटरमागं दर वॅटला साधारण ६० मायक्रोव्होल्ट आहे. पहिला फटका इथंच बसला. हाताशी असलेला जुना लॉगर ०.१ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी वाचायचा, म्हणजे एक पायरी जवळपास पावणेदोन वॅटची. चांगल्या इन्सुलेशनखाली जातातच मुळी सहा-सात वॅट, मग त्यातून काय कळणार? म्हणून संचातला मायक्रोव्होल्ट वाचणारा लॉगर वेगळा घ्यावा लागला. चकतीबरोबर हा खर्च धरूनच चाला.

डिसेंबरात पहिली मोजणी केली ती लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या घराची, नऊ इंची विटांची उत्तरेकडची भिंत. कागदावर यू-व्हॅल्यू २ च्या आसपास येत होती. आयएसओ ९८६९ या मानकाप्रमाणे किमान ७२ तास नोंदी घ्यायच्या, उष्णतेच्या नोंदींची बेरीज आतल्या-बाहेरच्या तापमानफरकाच्या बेरजेनं भागायची, की उत्तर मिळतं. माझं उत्तर पहिल्या दिवशी १.२, दुसऱ्या दिवशी ३.४ आणि तिसऱ्या दिवशी चक्क उणे! मीटर बिघडलाय असं वाटून दुकानदाराला फोनसुद्धा केला.

बिघाड मीटरमध्ये नव्हता, आपल्या हवेत होता. ही पद्धत थंड देशांत बसवलेली. तिथं घरात हीटर चालू असतो, बाहेर गारठा असतो, आणि उष्णता दिवसरात्र एकाच दिशेनं बाहेर जाते. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे बाहेर १६ अंश आणि घरात २२, तर दुपारी बाहेर ३१ आणि घरात २७. रात्री उष्णता बाहेर, दुपारी आत. तापमानफरकाची सरासरी जेमतेम एक अंश उरते. थर्मोकपल पाव अंशानं चुकला तरी भागाकार कुठल्या कुठं जातो. शिवाय विटांची भिंत उष्णता तासन् तास साठवून ठेवते, त्यामुळं आत्ता चकतीतून जाणारी उष्णता आत्ताच्या फरकाची नसतेच. दहा अंशांच्या आसपास आणि एकाच दिशेचा फरक मिळत नसेल तर मोजायला बसू नका, असं मी आता सरळ सांगतो.

तो फरक कोल्हापुरात मिळतो एप्रिलमध्ये, तोही एसी अखंड चालू ठेवला तर. यासाठी छत भिंतीपेक्षा सोयीचं, कारण उन्हानं स्लॅबचा वरचा पृष्ठभाग चोवीस तासांच्या सरासरीतही बराच तापलेला असतो. पण मग बाहेरच्या हवेचं तापमान धरून चालत नाही. ऊन पृष्ठभागाला तापवतं, हवेला नाही. म्हणून मी वरच्या फरशीचं Tso आणि आतल्या छताचं Tsi, अशी पृष्ठभागांचीच तापमानं घेतो. त्यातून आणि चकतीनं मोजलेल्या उष्णतेतून, म्हणजे q मधून, उष्णतेला होणारा स्लॅबचा रोध R काढतो आणि दोन्हीकडच्या हवेच्या थरांचे ठरलेले रोध नंतर मिळवतो.

```
R = Σ(Tso − Tsi) / Σq
U = 1 / (R + 0.17 + 0.04)
```

राजारामपुरीतलं घर याचं उदाहरण. मालकांनी गच्चीवर ५० मिलिमीटर एक्सपीएस फोमची शीट, त्यावर कोबा आणि पांढऱ्या फरश्या असं काम करून घेतलं होतं. कंत्राटदाराचा दावा यू-व्हॅल्यू ०.५ चा, आणि माझ्या हिशेबानंही ०.४८ येत होती. तरी वरची एक खोली दुपारनंतर तापते ही तक्रार होतीच. "तुम्ही मीटर लावा, मग बोलू," असं मालक म्हणाले.

चकत्या दोन खोल्यांच्या छताला लावल्या, मधोमध, तुळईपासून लांब. पंखे बंद, एसी दोन्हीकडं २२ वर, झोत चकतीवर येणार नाही असा. छताला डिस्टेंपर होता. त्याची पावडर सुटते आणि टेप धरत नाही, म्हणून जागा आधी ओल्या फडक्यानं पुसून वाळू दिली. तरी दुसऱ्या रात्री एका चकतीची कडा सुटली. आलेखात ते लगेच दिसलं: तापमानं तीच, पण उष्णतेचा आकडा एकदम पडलेला. चकतीमागं हवा शिरली की ती कमी मोजते आणि यू-व्हॅल्यू फसवी चांगली येते. या चुकीवर कुणी तक्रारही करत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. पुन्हा चिकटवून घड्याळ शून्यापासून सुरू केलं.

सहा पूर्ण दिवसांनी पहिल्या खोलीत पृष्ठभागांचा सरासरी फरक ११.६ अंश आणि उष्णता ६.६ वॅट. रोध १.७६, हवेचे थर धरून १.९७, यू-व्हॅल्यू ०.५१. दावा खरा. दुसऱ्या खोलीत फरक ११.५ अंश, पण उष्णता १२.८ वॅट. रोध ०.९०, थरांसह १.११, यू-व्हॅल्यू ०.९०. शेवटच्या दिवसाआधीचं आणि नंतरचं उत्तर पाच टक्क्यांच्या आत होतं, म्हणजे मोजणी स्थिरावलेली.

कंत्राटदार म्हणाला, चकतीच खोटी. रास्त शंका होती. मी चकत्यांची अदलाबदल करून आणखी चार दिवस घेतले. आकडे चकतीबरोबर गेले नाहीत, खोलीलाच चिकटून राहिले. मग संध्याकाळी थर्मल कॅमेऱ्यानं पाहिलं तर त्या खोलीचं अर्धं छत बाकीच्यापेक्षा अंशभर गरम, आणि गरम भागाची कडा सरळ रेषेत. शेवटी चार फरश्या उचलल्या. खाली २५ मिलिमीटरची शीट, सांधे अर्धा इंच उघडे आणि त्यात मसाला भरलेला. ५० ची शीट संपली होती म्हणे.

यावरही त्याचा बचाव तयार होता: घरांच्या ऊर्जाबचतीच्या इको निवास संहितेत छताची मर्यादा १.२ आहे, ०.९० त्यात बसतं! आकडा बरोबर आहे, भावा, पण पैसे ५० मिलिमीटरचे घेतलेस. तेवढा भाग त्यानं पुन्हा करून दिला.

भिंतींबाबत एक कोल्हापुरी अडचण राहतेच. पुस्तक म्हणतं, उत्तरेची भिंत निवडा, तिथं ऊन नसतं. आपण १६.७ अक्षांशावर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि एप्रिलमध्येही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन त्या भिंतीवर येतं. मे महिन्यात उत्तरेची भिंत मोजताना मी बाहेरून दोन फूट अंतरावर शेडनेट बांधलं, तेव्हा कुठं आलेख सरळ झाला.

वीज जाणं हा वेगळाच त्रास. लॉगर बॅटरीवर चालतो, एसी नाही. तीन तास वीज गेली की पुढचा एक दिवस मी सोडून देतो.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर त्याच छतावर हौसेनं एकदा चकती लावून पाहिली. कोबा ओला, वरून पाणी सुकताना पृष्ठभाग गार होतो, आत-बाहेर दोन अंशांचाही फरक नाही. तिसऱ्या दिवशी काढली, आणि आता संच सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद आहे.