घरात पीएस५ एक, खेळणारे चार: वेगळी प्रोफाइल्स केल्यानंतरचे काही महिने

परळच्या आमच्या वन बीएचकेत टीव्ही एकच, पीएस५ही एकच आणि त्यावर हक्क सांगणारे चौघे: नवरा, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि अधूनमधून नाना, म्हणजे माझे सासरे. मशीन आलं तेव्हा सेटअप नवऱ्याने केला, त्यामुळे सगळे त्याच्याच नावाखाली खेळत होते. शेवटी भांडणांना वैतागून मी प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल करून दिलं. त्याला आता बरेच महिने झाले. आधी कोणी सांगितलं असतं तर बरं, असं वाटलेलं काही इथे लिहिते.

प्रोफाइलचा फायदा नेमका काय, ते मशीनमध्ये आधीपासून असलेल्या Astro's Playroom मध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. हा छोट्या रोबोचा फुकट गेम आहे. चार जगं फिरायची आणि लपलेल्या वस्तू व कोड्यांचे तुकडे शोधत जायचे. थोरल्याने त्यातलं जवळजवळ सगळं शोधून ठेवलेलं, त्यामुळे धाकटीच्या वाट्याला रिकामी जगं आली. ती दोन मिनिटं उड्या मारून म्हणाली, "आई, यात काहीच नाहीये गं." तिच्या नव्या प्रोफाइलमधून तोच गेम उघडला, तर थेट सुरुवातीपासून चालू झाला, कंट्रोलरचं बटण न् बटण समजावून सांगणाऱ्या त्या पहिल्या भागासकट. दादाचा सगळा खजिना त्याच्या जागी शाबूत. नवीन प्रोफाइल केलंत की हाच गेम उघडून बघा. पहिल्यापासून सुरू झाला तर समजायचं की प्रोफाइल खरंच वेगळं झालंय.

एक शंका आमच्याकडेही होती: चार प्रोफाइल म्हणजे चौपट जागा लागणार का? नाही. गेम मशीनवर एकदाच उतरतो आणि सगळ्यांना तोच दिसतो. वेगळी राहते ती सेव्ह फाइल, आणि ती गेमच्या मानाने अगदीच किरकोळ असते. ८२५ जीबीच्या मशीनमध्ये वापरायला सुमारे ६६७ जीबी मिळते, तिला धक्का लागत नाही.

आता खरा कळीचा मुद्दा. आजवर एकत्र खेळलेलं नव्या प्रोफाइलमध्ये नेता येत नाही. सेव्ह ज्या प्रोफाइलची, त्याचीच राहते. कॉपी करून दुसऱ्याच्या नावावर टाकायची सोय नाही. पीएस५च्या गेमची सेव्ह एकेकटी पेन ड्राइव्हवरही काढता येत नाही. म्हणून Add User दाबायच्या आधी घरात बसून ठरवा की जुनं प्रोफाइल कोणाकडे राहणार. आमच्याकडे खातं नवऱ्याचं, पण फुटबॉलचं करिअर, स्पायडर-मॅनची अर्धीअधिक गोष्ट हे सगळं थोरल्याने खेळलेलं. खातं मुलाला देऊन टाकावं असं वाटणं साहजिक आहे, पण ते करू नका. त्याच खात्याला कार्ड जोडलेलं, विकत घेतलेले गेम त्याच्यावर, आणि वयही मोठ्या माणसाचं. आम्ही मध्यम मार्ग काढला. जे गेम थोरल्याचे अर्धवट होते, ते त्याने बाबांच्याच प्रोफाइलमधून पुरे केले. त्यानंतर जो नवा गेम येईल, तो पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाने. तो काळ थोडा गोंधळाचा गेला, पण महिन्यांची मेहनत वाया गेली नाही.

प्रोफाइल करणं अवघड नाही. मशीन सुरू केल्यावर खेळाडू निवडायचा जो पडदा येतो, तिथेच Add User आहे. मोठ्या माणसाने आपलं खातं काढायचं किंवा असलेल्यात साइन-इन करायचं. मुलांचं मात्र मोठ्याच्या खात्यातून Settings मध्ये Family and Parental Controls आणि त्यात Family Management इथून जोडावं. प्रत्येक मुलाला वेगळा ईमेल लागतो, तो आधीच काढून ठेवा. जन्मतारीख खरी घाला. मोठं वय दाखवलं की काम पटकन होतं हे खरं, पण मग वेळेची आणि वयाची बंधनं लावायची सोयच हातची जाते. देशही नीट बघून निवडा, कारण तो नंतर बदलता येत नाही. नानांना ईमेल-बिमेल काही नको होतं. त्यांचं प्रोफाइल ऑनलाइन खात्याशिवाय, फक्त मशीनपुरतं केलंय. त्यांची गाड्यांची शर्यत त्यावर मजेत चालते.

यानंतर बहुतेक घरांत एक गोष्ट अडते. मुलगी स्वतःच्या प्रोफाइलमध्ये जाते, तर बाबांनी घेतलेल्या गेमवर कुलूप. डिस्कच्या गेमला हा प्रश्न येत नाही. डिस्क आत असली की कोणीही खेळावं. डाउनलोड करून घेतलेला गेम मात्र ज्याने घेतला त्याच्या खात्याचा असतो. तो घरातल्या सगळ्यांना उघडायचा, तर *विकत घेणाऱ्याच्या* प्रोफाइलमध्ये जाऊन Settings, Users and Accounts, Other, आणि तिथे Console Sharing and Offline Play चालू पाहिजे. बरेचदा ते आधीच चालू असतं. मशीन सेकंडहँड घेतलं असेल किंवा तेच खातं आधी दुसऱ्या पीएस५वर वापरलं असेल, तर हमखास तपासा, कारण एका खात्याला ही सोय एकाच पीएस५वर मिळते. चालू असूनही कुलूप दिसलं, तर त्याच Other मध्ये Restore Licenses आहे. ते एकदा करून बघा.

रोजच्या वापरात प्रश्न येतो तो कंट्रोलरचा. कंट्रोलर हा त्या वेळी एका प्रोफाइलला बांधलेला असतो. दादाने खेळून झाल्यावर तोच कंट्रोलर बहिणीच्या हातात दिला, तर मशीनच्या लेखी अजून दादाच खेळतोय. म्हणजे सगळं जमतंय त्याच्या खात्यात. ओळखायची खूण सोपी: होम स्क्रीनवर वर उजवीकडे जे चित्र दिसतं, ते कोणाचं आहे ते बघायचं. धाकटीने मांजर ठेवलंय, थोरल्याने कसलातरी हेल्मेटवाला योद्धा, त्यामुळे स्वयंपाकघरातूनही कळतं. म्हणून प्रत्येकाला एकदम वेगळं चित्र निवडायला लावा. दुसरी खूण म्हणजे गेमच्या मेनूत नेहमीचं Continue नसणं. असं दिसलं की New Game दाबू नका, आधी PS बटणातून खेळाडू बदला.

दोघं मिळून एकाच पडद्यावर खेळताना आणखी एक बारकावा आहे. दोन कंट्रोलर, दोन प्रोफाइल, दोघंही आत आहेत. पण कथा पुढे गेल्याची नोंद ज्याने गेम सुरू केला त्याच्याकडे होते. भावाबहिणीने एक जोडीचा गेम कधी याच्याकडून, कधी तिच्याकडून सुरू केला, आणि दोन्हीकडे अर्धी अर्धी गोष्ट झाली. आता नियम ठरलाय: जोडीचा गेम नेहमी धाकटीच्या प्रोफाइलमधून. थोरल्याची कुरकुर चालते, पण चालू दे.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण याची कल्पना कोणी देत नाही. प्रोफाइल वेगळी केली तरी चालू गेम वेगळे होत नाहीत. मशीन एका वेळी एकच गेम उघडा ठेवतं. आमच्याकडे संध्याकाळी सातला सासूबाईंची मालिका लागते, तेव्हा टीव्ही सोडावाच लागतो. थोरला मॅच मध्येच थांबवून मशीन रेस्ट मोडला टाकायचा आणि क्लासला निघून जायचा. मालिका संपली की धाकटी तिच्या प्रोफाइलमधून स्वतःचा गेम लावायची. चालू गेम बंद करू का, असं मशीन विचारतं. ती बिनदिक्कत हो म्हणायची. दादाची सेव्ह फाइल सुखरूप, पण शेवटच्या सेव्हनंतरचा खेळ गेला. रात्री घरी आल्यावर जो तमाशा व्हायचा, तो शेजाऱ्यांनीही ऐकलाय. याला सेटिंग नाही, शिस्त हाच उपाय. गेमच्या मेनूतून सेव्ह करायचं, होम स्क्रीनवर येऊन गेम बंद करायचा, मगच उठायचं. रेस्ट मोडवर भरवसा फक्त एकटं खेळणाऱ्याने ठेवावा.

एकमेकांच्या प्रोफाइलमध्ये घुसायचं नसेल, तर Users and Accounts मधल्या Login Settings मध्ये चार आकडी पासकोड लावता येतो. नवऱ्याच्या प्रोफाइलला मी तो लावलाच, कारण कार्ड तिथे आहे. मुलांच्या प्रोफाइलला लावला नाही, रोज बटणं दाबत कोण बसणार! तिथलाच Log In to PS5 Automatically हा पर्याय मात्र बंद ठेवलाय. चालू असला की मशीन कोणालाही न विचारता आत नेतं.

गणपतीत डोंबिवलीची भाचरं येतात, त्यांच्यासाठी गेस्ट म्हणून लॉग-इन करून देते. त्यांनी काहीही उलथापालथ केली तरी आमच्या सेव्हला हात लागत नाही. मात्र गेस्ट बाहेर पडला की त्याने खेळलेलं सगळं पुसलं जातं, हे त्यांना आधीच सांगा. दर सुट्टीत येणाऱ्या मुलासाठी कायमचं प्रोफाइलच करा.

ऑनलाइन गेमची गोष्ट निराळी. फोर्टनाइटसारख्या गेममध्ये तुमची कमाई मशीनवर नसते, ती गेमच्या स्वतःच्या खात्यात असते. दोन प्रोफाइल करून दोघांनी तेच एक खातं वापरलं, तर वेगळेपण काही उरत नाही. तिथे खातीही दोन काढावी लागतात.

शेवटचं, बॅकअपबद्दल. नवऱ्याचं पीएस प्लस आहे. Console Sharing मुळे मुलांना ऑनलाइन खेळता येतं, पण सेव्ह क्लाउडवर ठेवायची सोय मात्र त्याच्या एकट्याच्या खात्याला. मुलांचं आणि नानांचं सगळं फक्त मशीनच्या पोटात. म्हणून मी अधूनमधून यूएसबी हार्ड ड्राइव्ह लावून Back Up and Restore मधून पूर्ण मशीनचा बॅकअप घेते. गेम वगळून घेतला तर फार वेळ लागत नाही. तो परत भरताना मशीनवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे हा उपाय मशीन बिघडलं तरच वापरायचा. गेम डिलीट केला तर सेव्ह राहते, पण प्रोफाइल डिलीट केलं तर त्याच्या सेव्ह, फोटो, व्हिडिओ सगळं जातं. पावसाळ्यात जागा करायला म्हणून नवरा वापरात नसलेलं प्रोफाइल काढायला निघाला होता. ते नानांचं होतं. सेव्हची जागा ती केवढी! त्यापेक्षा एखादा न खेळला जाणारा गेम काढ म्हटलं, तर पन्नास जीबी सहज मोकळे झाले.