पाच तारांचा टाकी लेव्हल इंडिकेटर: १० महिने वापरल्यावर

गच्चीवर १००० लिटरची टाकी, पाणी बोअरचं, खाली स्वयंपाकघरात चार दिव्यांचा डिस्प्ले: २५, ५०, ७५, १००. टाकीत स्टीलचे पाच प्रोब. एक कॉमन अगदी तळाशी, बाकीचे चार आपापल्या उंचीवर. पाणी चढलं की कॉमनपासून त्या प्रोबपर्यंत अगदी थोडा करंट पाण्यातून जातो आणि दिवा लागतो. वस्तू साधी आहे आणि घेण्यासारखी आहे. पण हा डिस्प्ले पाणी मोजत नाही, वाट जुळली की नाही एवढंच सांगतो. चुकीचं रीडिंग आलं की हे आधी आठवावं.

पहिले तीन महिने काही तक्रार नव्हती. चौथ्या महिन्यात ५० आणि ७५ लागलेले आणि २५ विझलेला, असं दिसू लागलं. ७५ पर्यंत पाणी असेल तर २५ चा प्रोब बुडालेलाच असणार, म्हणजे दोष त्याच एका वाटेत: दिवा, तार किंवा प्रोब. गच्चीवर धावायच्या आधी खाली तपासावं. डिस्प्लेच्या मागे तारेचा छोटा तुकडा घेऊन कॉमन आणि २५ हे दोन टर्मिनल जोडायचे. दिवा लागला तर डिस्प्ले ठीक. नाही लागला तर आधी टर्मिनलचा स्क्रू आवळून बघावा, मग दिवा किंवा त्याचा ट्रान्झिस्टर गेला असं समजावं. (मोटर आपोआप चालू-बंद करणारा पॅनेल असेल तर त्याच डब्यात २३० व्होल्ट असतात. मेन बंद केल्याशिवाय तो उघडू नका. ही चाचणी फक्त अडॅप्टरवर चालणाऱ्या साध्या डिस्प्लेसाठी.)

इथे दिवा लागला. मग वर जाऊन टाकीजवळच्या जोडावर त्याच दोन तारा एकमेकींना टेकवल्या, खाली दिवा पुन्हा लागला. तार शाबूत, म्हणजे दोष प्रोबचा. बाहेर काढला तर त्यावर चुन्यासारखा पांढरा, खरखरीत थर. टाकी क्वचितच रिकामी होते, त्यामुळे सगळ्यात खालचे प्रोब कायम पाण्यात राहतात आणि क्षार तिथेच आधी धरतात. करंट डीसी असेल तर एका टोकाला क्षार जमतात आणि दुसरं टोक हळूहळू झिजतं. आमच्या संचात कॉमनला प्लस आहे, म्हणून त्यावर थर कमी होता, पण बारीक खड्डे दिसत होते.

साफ करायला पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व पुरतं. प्रोब टाकीबाहेर अर्धा तास बुडवून ठेवायचे, थर मऊ झाला की जुन्या टूथब्रशने घासून साध्या पाण्याने धुवायचे. सुरीने खरवडू नये, ओरखड्यांत क्षार लवकर बसतात. बोअरच्या पाण्याला हे दर तीन-चार महिन्यांनी करावं लागतंच. खोक्यावर याबद्दल एक ओळही नाही, ही या संचाची मोठी उणीव वाटते.

पावसाळ्यात उलटा त्रास झाला: टाकी अर्धी आणि १०० चा दिवा लागलेला. हा प्रकार जास्त घातक, कारण टाकी भरली समजून मोटर लावलीच जात नाही. डिस्प्लेवरून १०० ची तार सोडली, दिवा विझला. ती परत लावून टाकीकडचा जोड सोडला, तरी दिवा तसाच! म्हणजे ओल तारेत किंवा जोडातच होती. टाकीच्या झाकणाखाली नुसती टेप गुंडाळलेला जोड होता. टेप उलगडल्यावर आत पाणी, आणि तांबं हिरवं पडलेलं. तार दोन इंच कापून ताजं तांबं काढलं, जोड टाकीबाहेर प्लास्टिकच्या बंद डबीत घेतला. डबीत शिरण्याआधी तारेला खाली झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाशीच गळून पडतं. जोड सोडल्यावर दिवा विझला असता, तर प्रोबांमधलं शेवाळ किंवा ओली घाण शोधावी लागली असती. टाकीत पाणी पडतं त्या पाइपाजवळ प्रोब असतील तरी वरचा दिवा उगाच लुकलुकतो, म्हणून ते दुसऱ्या बाजूला सोडावेत.

सगळेच दिवे एकदम गेले तर चारही प्रोबवर संशय घेऊ नका. अडॅप्टर नाहीतर कॉमनची तार, दोनपैकी एक. पॉवरचा दिवा चालू असेल तर कॉमनच. सगळे दिवे मंद झाले तर अडॅप्टर बदलून बघावा, पण व्होल्टेज जुन्यावर छापलंय तेच घ्यावं.

नवा घेताना डिस्प्लेला स्क्रूचे टर्मिनल आहेत का आणि प्रोब सुटे मिळतात का, हे दुकानातच विचारा. तार एक जादा कोअरची घ्या. आमच्याकडे सहावी तार मोकळी ठेवली आहे, एखादी आतून तुटली तर भिंतीवरची पट्टी उखडावी लागणार नाही.