ड्राइव्ह मेलेला डीव्हीडी रेकॉर्डर आणि मुंजीची टेप: पावसाळाभर वापरल्यानंतर

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यावर आमची छोटी डॉक्युमेंटरी चालू आहे. वाडा पडला, त्या जागी पार्किंगसकट इमारत उभी आहे. चौक, माडी, झोपाळा हे सगळं हलत्या चित्रात फक्त एका ठिकाणी उरलंय: 1993 सालच्या मुंजीच्या व्हीएचएस टेपमध्ये. ती आधी शहरातल्या एका दुकानात दिली होती. त्यांनी मिनिटावर पैसे लावून ‘एचडी आणि स्टेबल’ अशी फाइल दिली. माणसं आडवी ताणलेली, आणि चौकातले लाकडी खांब पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे डुलतायत. विचारलं तर म्हणे, “जुनी टेप आहे काका, एवढं चालायचंच.” पैसे परत मिळाले नाहीत. मग म्हटलं, यंत्रच घेऊ.

या कामात लोक पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस10 आणि ईएस15 हे डीव्हीडी रेकॉर्डर शोधत असतात. मला त्यातलं काहीच मिळालं नाही. त्याच काळातला दुसरा एक रेकॉर्डर मिळाला, ट्रे अडकलेला, म्हणून जवळजवळ भंगाराच्या भावात. विकणाऱ्याला वाटलं मी फसलो. पण मला त्यावर डिस्क करायचीच नव्हती. व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला आणि त्याचं आउटपुट संगणकाच्या कॅप्चर कार्डाला, एवढंच. चित्र आतून जाऊन बाहेर येतं, तेवढ्यात त्याचं काम होतं.

ते काम काय, हे खांब का डुलतात यावरून कळतं. पाल पद्धतीत एका फ्रेमला 625 ओळी, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे दर ओळीच्या वाट्याला 64 मायक्रोसेकंद. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक सिंक पल्स असते. टेप ताणली गेलेली, व्हीसीआरचा ड्रम किंचित कमीजास्त वेगाने फिरणारा, त्यामुळे ती पल्स कधी लवकर येते, कधी उशिरा. जुना ट्यूबवाला टीव्ही तिच्यामागे बऱ्यापैकी सरकत राहायचा, म्हणून घरी बघताना हे खटकलं नाही. स्वस्त कॅप्चर कार्ड तेवढं समजूतदार नसतं. मग एक ओळ उजवीकडे, पुढची डावीकडे, आणि उभी रेघ नागमोडी होते. माझा रेकॉर्डर येणारी ओळ मेमरीत घेतो, पल्सवरून तिची सुरुवात ठरवतो आणि समान अंतराने बाहेर सोडतो.

पहिल्यांदा जोडला तेव्हा खांब सरळ उभे राहिले. खरं सांगतो, इतक्या कमी पैशात इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पण आनंद टिकला तो बटूच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत. प्रत्येक अक्षतेमागे पुसट शेपटी! होमाचा धूर तर डागासारखा जागच्या जागी थिजलेला. हा यंत्राचा स्वतःचा नॉइज रिडक्शन. तो आधीच्या फ्रेम मिसळून दाणे पुसतो, आणि त्यात हलणारी बारीक गोष्टही पुसली जाते. बंद करायची सोय मेनूत आहे, आणि मेनू फक्त रिमोटवर. यंत्राच्या पुढच्या पट्टीवर इनपुट बदलायचं बटण आहे, चॅनेलचं आहे, न चालणाऱ्या ट्रेचंसुद्धा आहे, मेनूचं नाही! हे ज्यांनी ठरवलं त्यांना एकदा भेटायचंय. युनिव्हर्सल रिमोटने आवाज कमीजास्त होतो, मेनू उघडत नाही. तपकीर गल्लीत दुकानामागून दुकान पालथं घातल्यावर मूळ रिमोट मिळाला, त्याची किंमत जवळजवळ यंत्राएवढी. घासाघीस केली, दुकानदार हलला नाही. त्यामुळे कोणी असा रेकॉर्डर घेणार असाल तर आधी रिमोट विचारा, ट्रे नंतर.

आता थरथरीबद्दल. यंत्र आल्यावर मला वाटत होतं की सॉफ्टवेअरचं स्टेबिलायझेशन ही या कामात फसवणूक आहे. दुकानाच्या फाइलीत तेच तर केलं होतं. ते मत आता बदललंय, कारण थरथर दोन प्रकारची असते. फाइल एका फ्रेमवर थांबवा आणि खांब बघा. थांबलेल्या चित्रातही खांब नागमोडी असेल तर तो टेपचा दोष, तो कॅप्चर करतानाच काढावा लागतो. थांबल्यावर सरळ आणि चालू केल्यावर अख्खं चित्र उड्या मारत असेल तर तो कॅमेरावाल्याचा हात, तिथे सॉफ्टवेअरचं काम आहे. दुकानाने पहिल्या दोषावर दुसऱ्याचं औषध दिलं होतं.

त्यातही क्रम महत्त्वाचा. व्हीएचएसच्या फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे निम्म्या-निम्म्या ओळींची दोन चित्रं, एकाआड एक ओळीत विणलेले असतात. ते न सोडवता, म्हणजे डीइंटरलेस न करता, चित्र एक ओळ वर सरकवलं की फील्ड अदलाबदल होतात. म्हणून आधी डीइंटरलेस करून सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम करायच्या. मग कडा कापायच्या. सगळ्यात खाली, व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातो तिथे, वळवळणाऱ्या काही ओळी असतात. टीव्हीच्या चौकटीत त्या झाकल्या जायच्या. त्या आणि बाजूचे काळे पट्टे कॅमेऱ्याबरोबर हलत नाहीत, त्यामुळे हालचाल मोजणारा फिल्टर गोंधळतो. पट्टा ठेवून केलं तेव्हा बाकी चित्र स्थिर व्हायच्या ऐवजी हेलकावत होतं, कापल्यावर बसलं. हे सगळं ffmpeg या प्रोग्रामला दोन कमांड देऊन केलं:

```
ffmpeg -i munj.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,crop=704:560:8:2,vidstabdetect=shakiness=4:result=munj.trf" -f null -

ffmpeg -i munj.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,crop=704:560:8:2,vidstabtransform=input=munj.trf:smoothing=15:optzoom=0:zoom=4" -c:v ffv1 -c:a copy munj_2.mkv
```

पहिली ओळ फक्त हालचाल मोजते, दुसरी ती वापरून चित्र हलवते. क्रॉपचे आकडे माझ्या टेपचे आहेत, तुमचे वेगळे येतील. चालणारी माणसं पुढेमागे झटके देत असतील तर `tff` चं `bff` करा. `smoothing` 15 म्हणजे आधीच्या 15 आणि नंतरच्या 15 फ्रेम धरून सरासरी, म्हणजे सेकंदापेक्षा बरंच कमी. आमच्या दिग्दर्शिकेला याहून जास्त नको होतं. तिचं म्हणणं, कॅमेरावाला भिक्षावळीत आजीकडून मामीकडे वळतो ते वळणं दिसायलाच हवं. झूम 4 टक्क्यांवर थांबलो, कारण उघड्या पडणाऱ्या कडा झाकायला जेवढं मोठं कराल तेवढं आधीच थोडं असलेलं चित्र कापलं जातं. मूळ कॅप्चर तसंच वेगळं ठेवलंय.

एका भागाला मात्र यंत्राचा काडीचा उपयोग झाला नाही. मुंजीच्या व्हिडिओवाल्याने जेवणाच्या पंगती व्हिडिओ मिक्सरवर घालून बदामाच्या आकारात उघडणारे वाइप टाकलेत. मिक्सर बाहेर पाठवताना नवी, सरळ सिंक लावतो. त्याच्यात शिरताना जो वाकडेपणा उरला होता तो आता चित्राचाच भाग झाला. रेकॉर्डर पल्स बघतो, पल्स जागेवर, म्हणून तो काही करत नाही, आणि त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. कडा वाकड्या आणि पल्स सरळ असं दिसलं की तिथे आणखी वायरी आणि यंत्रं जोडण्यात पैसे घालवू नका.

ओलाव्याचं एक सांगून ठेवतो. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या टेपच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी टेप व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतात आणि पुढच्या प्रत्येक टेपला ती लागते. आमच्या गठ्ठ्यातली बारशाची टेप त्यामुळे अजून बाजूलाच आहे, साफ करणाऱ्याने सांगितलेला भाव ऐकून.

पंगतीचं शेवटी असं ठरलं की बदाम कापून, चित्र लहान करून, पडद्याच्या एका कोपऱ्यात वाकडंच ठेवायचं. वाढप्यांच्या हाका मात्र स्पष्ट आहेत, त्या पूर्ण घेतल्यात.